दोन दिवसांचा फ्लॅश सेल: स्मार्ट बिडिंगला आधी कळवा

गूगल ॲड्समध्ये जाहिरातीची बोली आपोआप ठरवणारं स्मार्ट बिडिंग मागच्या रूपांतरणांवरून, म्हणजे क्लिकनंतर आलेल्या ऑर्डरींवरून शिकतं. ४८ तासांच्या सेलमध्ये वाढलेला रूपांतरण दर त्याच्या लक्षात येईपर्यंत निम्मा सेल सरतो, कारण काही ऑर्डरी क्लिकनंतर तासांनी, कधी दिवसांनी नोंदल्या जातात. म्हणून गूगल ॲड्समध्ये सेलच्या आधीच 'सीझनॅलिटी ॲडजस्टमेंट', म्हणजे हा दर किती वाढेल याची आगाऊ सूचना लावून ठेवा. सुरुवात आणि शेवट खात्याच्या टाइम झोननुसार भरा.

टक्केवारी भरताना बहुतेकांची गफलत होते. इथे विक्रीतली नव्हे, रूपांतरण दरातली वाढ हवी. एरवी १०० क्लिकमागे २ ऑर्डरी येतात आणि मागच्या अशाच सेलला ३ आल्या होत्या, तर आकडा +५० टक्के. टार्गेट सीपीए, म्हणजे एका ऑर्डरमागे ठरवलेला जाहिरात खर्च २०० असेल तर ढोबळमानाने ४ ची बोली ६ वर जाईल. ऑर्डरी तिप्पट झाल्या म्हणून +२०० टक्के टाकलंत, तर बोली १२ होईल आणि क्लिक उगाच महाग पडतील.

दिवसाचं बजेटही वाढवा, नाहीतर ते दुपारीच संपेल. सेलनंतर उलटी, वजा ॲडजस्टमेंट लावायची गरज नाही. ही सोय १ ते ७ दिवसांसाठीच चांगली. १४ दिवसांपलीकडे ती नीट चालत नाही.