मसालेभातातलं तमालपत्र पोटात गेलं तर? या चुका टाळा

आधी सरळ उत्तर. तमालपत्र विषारी नाही. आपण घरोघरी वापरतो ते पान दालचिनीच्याच कुळातलं आहे आणि गोडा मसाल्यात ते दळून आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत. धोका आहे तो पानाच्या कडकपणात. पालक, मेथी शिजली की लगदा होते. तमालपत्र कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी पानच राहतं, कारण त्याचा पृष्ठभाग चिवट, मेणट असतो आणि शिरा लाकडासारख्या तंतूंच्या असतात. हे तंतू आपल्या पोटात पचत नाहीत. गिळलेला तुकडा बहुतेक वेळा जसाच्या तसा शौचावाटे बाहेर पडतो. पण वाटेत तो आडवा झाला तर घशात किंवा अन्ननलिकेत रुततो, आणि क्वचित आतड्याला इजा झाल्याच्याही नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आहेत. अख्खं पान ताटात दिसतं, माणूस ते बाजूला काढतो. न दिसणारा तुकडाच माणसाला दवाखान्यात नेतो.

मी नाशकात साखरपुडे, मुंजी, डोहाळजेवणं यांच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. त्याच त्या चुका वर्षानुवर्षं बघते आहे, म्हणून हे लिहिते आहे.

पान चुरून टाकणं

ही सगळ्यात वाईट सवय आहे आणि नव्या मुलींमध्ये हमखास असते. फोडणीत पान टाकायचं, तर ते हातात चुरगाळून टाकायचं. का, तर वास लवकर सुटतो. वास लवकर सुटतो हे खरं आहे, पान मोडलं की त्यातलं तेल मोकळं होतं. पण तमालपत्राचा वास तेला-तुपात उतरतो. गरम तेलात अख्खं पान काही सेकंद परतलं आणि मग भाताबरोबर वीस मिनिटं शिजलं, तर जेवढा वास हवा तेवढा येतोच. येत नसेल तर पान जुनं आहे. ते मोडून बघा. दालचिनी-लवंगेसारखा वास आला पाहिजे. पिवळट-तपकिरी पडलेलं, वास गेलेलं पान चुरून काही हाती लागत नाही, फक्त कचरा वाढतो.

गंगापूर रोडच्या एका हॉलमधला साखरपुडा. मेनू नेहमीचाच, मसालेभात, मठ्ठा, जिलबी, बटाट्याची भाजी. हाताखाली नवी मुलगी होती, हुशार, पण सगळं घाईत. मी भाजीकडे असताना तिने भाताच्या फोडणीत मूठभर पानं चुरून टाकली. मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, अख्खी पानं ताटात आली की लोक नाकं मुरडतात." तोवर तांदूळ पडला होता. भात टाकून देऊन नवा करायला वेळ नव्हता, म्हणून आम्ही दोघींनी वरवरचे दिसले तेवढे तुकडे वेचले आणि वाढप्यांना सांगितलं, वाढताना लक्ष ठेवा. पण मसालेभातात तोंडली असतात, काजू, कोथिंबीर, खोबरं असतं. त्यात काळपट हिरवा तुकडा दिसणार कसा?

दुसऱ्या पंगतीत मुलीकडचे एक काका घास अर्धवट ठेवून थांबले. वयस्कर गृहस्थ, वर-खाली कवळी. हे महत्त्वाचं आहे, कारण कवळी टाळू झाकते आणि घासात काही टोकदार आहे हे जिभेला-टाळूला नीट कळत नाही. त्यांनी गळ्याशी, कंठाच्या जरा खाली, बोट ठेवून दाखवलं. टोचतंय म्हणाले. बोलता येत होतं, श्वास चालू होता.

मग जे होतं तेच झालं. चारजण चार सल्ले. कोणी कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायला लावला. तो उतरला नाही, तर केळं आणलं. केळं गेल्यावर त्यांना पाणीही उतरेना. तोंडात लाळ साठायला लागली आणि ते रुमालात थुंकायला लागले. तिथे मी त्यांच्या मुलाला म्हटलं, आता काही देऊ नका, गाडी काढा.

दवाखान्यात एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. नातेवाईक म्हणाले, चला, काही नाही. पण पान एक्स-रेत दिसत नाही. हाड, नाणं, टाचणी दिसते, झाडपाला दिसत नाही. सुदैवाने तिथल्या डॉक्टरांनी त्यांना सोडलं नाही, कारण थुंकी गिळता येत नव्हती. दुर्बीण घालायची ठरली, पण पोटात आणि अन्ननलिकेत नुकतंच केळं-भात गेलेला. भूल देताना ते उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका, म्हणून जास्तीची तयारी, जास्तीचा वेळ आणि घरच्यांच्या जिवाला घोर. शेवटी तुकडा निघाला. करंगळीच्या नखाएवढा, मधल्या शिरेसकट, अन्ननलिकेत आडवा रुतलेला, आणि त्याच्या वर केळ्याचा गोळा अडकलेला. काकांना देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

भाताचा गोळा, केळं, भाकरीचा तुकडा

वरच्या प्रसंगात पान चुरणं ही पहिली चूक, आणि हे गोळे भरवणं ही तिच्याहून मोठी. माशाच्या काट्यावर घरोघरी हाच उपाय सांगतात आणि कधीकधी काटा जातोही, म्हणून त्यावर विश्वास बसतो. पण अडकलेल्या टोकदार तुकड्यावर वरून दाब दिला तर तो आणखी रुततो, आणि वाट अर्धी बंद होती ती पूर्ण बंद होते. बोट घालून उलटी काढायलाही जाऊ नका, तोच तुकडा वर येताना पुन्हा खरवडतो. एरंडेल देऊ नका.

मग करायचं काय? पाण्याचा एक छोटा घोट घेऊन बघा. पाणी सहज उतरलं, थुंकी गिळता येते आहे, फक्त थोडं टोचल्यासारखं वाटतं आहे, तर बहुधा तुकडा खरवडून खाली गेला आहे. खरवडलेल्या जागी तुकडा नसतानाही काही तास टोचत राहतं. साधं, मऊ जेवा आणि वाट बघा. टोचणं दुसऱ्या दिवशीही तसंच असेल किंवा वाढत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पाणी उतरत नसेल, लाळ गळत असेल, छातीत दुखत असेल किंवा थुंकीत रक्त येत असेल, तर त्याच वेळी निघा आणि तोंडावाटे काहीही देऊ नका. तिथे गेल्यावर "पान अडकलंय" असं स्पष्ट सांगा, नुसतं "काहीतरी टोचतंय" म्हणू नका. काय अडकलंय हे कळलं की एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून कोणी निर्धास्त होत नाही.

श्वास अडत असेल, आवाज फुटत नसेल, तर ते वेगळं आणि जास्त तातडीचं. माणसाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने जोरात पाच थापा मारा, दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावायचा.

पोटात गेलं म्हणून घाबरणं

तुकडा गिळला आणि काहीच त्रास नाही, तर काहीच करायचं नाही. रोजचं जेवण जेवा. पुढच्या काही दिवसांत पोटात एकाच जागी दुखत राहिलं, ताप आला, उलट्या झाल्या किंवा शौचाला काळं किंवा रक्त पडलं, तर डॉक्टरांकडे जा आणि पान गिळल्याचं आठवणीने सांगा. असं फार क्वचित होतं.

मिक्सरमध्ये ओबडधोबड मसाला

ही चूक कोणाच्या लक्षातच येत नाही. घरी गोडा मसाला किंवा मिसळीचा मसाला करताना तमालपत्र न भाजता इतर जिनसांबरोबर मिक्सरमध्ये टाकतात. खोबरं, धणे दळले जातात, पान मात्र चिवट असल्याने त्याच्या काड्या राहतात, सुईसारख्या. रश्शात त्या तर्रीखाली लपतात. माझी पद्धत अशी: पानाची मधली शीर आणि देठ काढून टाकायचे, पान मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजायचं. बोटांत धरलं की काचेसारखं तुटलं पाहिजे, वाकलं तर अजून भाजायचं. मग ते एकटंच आधी दळायचं आणि मैद्याच्या चाळणीने चाळायचं. वर राहिलेलं पुन्हा दळायचं, तरी राहिलं तर फेकून द्यायचं. कांडपावर मसाला देत असाल तरी घरी आणल्यावर एकदा चाळाच. असं बारीक झालेलं तमालपत्र खुशाल पोटात जाऊ द्या.

पानं न मोजणं

एक किलो तांदळाला मी तीन, फार तर चार पानं घालते. टाकताना मोजते आणि आकडा हाताखालच्या मुलीला मोठ्याने सांगते. भाताला उकळी फुटली की बहुतेक पानं वर तरंगतात. झाकण ठेवून वाफ आणण्याआधी ती चिमट्याने काढून घेते आणि पुन्हा मोजते. वाफ आल्यावर झाऱ्याने भात हलवला की शिजलेलं पान शिरेच्या कडेने फाटतं, म्हणजे न चुरताही तुकडे होतातच. एखादं पान सापडलं नाही तर भात परातीत पसरून शोधते. लोकांना हे वेडेपण वाटतं, वाटू दे. मोठ्या पातेल्यात आमटी किंवा रस्सा असेल तर सोपं आहे. मलमलच्या स्वच्छ फडक्यात पानं, दालचिनी, मसाला वेलची बांधून पुरचुंडी सोडायची आणि शेवटी उचलून घ्यायची.

लहान मुलं, म्हातारी माणसं

यांचं ताट वाढताना भात बोटांनी मोकळा करून बघा. कवळी असेल तर नक्कीच.

कुठलंही पान तोडून आणणं

तमालपत्रावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन लांब शिरा दिसतात. मॉलमध्ये मिळणाऱ्या परदेशी पानावर मधे एकच शीर असते, तेही खाण्याचंच आणि तितकंच कडक, त्यालाही वरचे सगळे नियम लागू. पण सोसायटीच्या कुंपणाचं किंवा रस्त्याच्या दुभाजकावरचं पान "तसंच दिसतं" म्हणून वाळवून वापरू नका. दुभाजकावर कण्हेर लावलेली असते. तिचं पान लांब, अरुंद, चिवट असतं आणि ते खरोखरच विषारी आहे, हृदयाचे ठोके बिघडवणारं. ते चुकून पोटात गेलं तर घरी वाट बघत बसायचं नाही, पान बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठायचा.