‘सर्कल बॅक’चं भाषांतर करण्याआधी

दुसऱ्या भाषेतल्या सहकाऱ्याला ‘पिंग मी’, ‘सर्कल बॅक’ अशा ऑफिसातल्या इंग्रजी शब्दप्रयोगांचं शब्दशः भाषांतर करून पाठवलं की तो बुचकळ्यात पडतो. आधी मूळ वाक्य साधं करा, मग भाषांतर करा.

१. कोण, काय, कधी हे तिन्ही लिहा. ‘लेट्स सर्कल बॅक ऑन धिस’ म्हणजे ‘यावर नंतर पुन्हा बोलू’; पण यात पुन्हा विषय कोण काढणार हेच कळत नाही, म्हणून दोघंही वाट बघत बसतात. त्याऐवजी लिहा: ‘दराचा मुद्दा आज सोडू. गुरुवारी दुपारी मी तुम्हाला त्यावर मेसेज करेन.’ हे कुठल्याही भाषेत नीट उतरतं.

२. ‘पिंग मी’ला ‘काम झालं की मला चॅटवर कळवा’ पुरे. फोन हवा असेल तर तसं स्पष्ट लिहा.

३. ‘आउट ऑफ ऑफिस’चं ‘कार्यालयाबाहेर आहे’ केलंत तर माणूस जेवायला गेलाय असंही वाटू शकतं. ‘मी रजेवर आहे, मेसेज बघणार नाही’ असं लिहा. शिवाय ‘शुक्रवारपर्यंत’ म्हटल्यावर शुक्रवारी तुम्ही असता की नसता? कामावर परतायचा दिवसच द्या: ‘सोमवार, ८ जूनला परत येईन.’ महिना अक्षरात हवा; ०८/०६ म्हणजे काही जणांसाठी ६ ऑगस्ट.

एक सांभाळा: ‘सर्कल बॅक’ कधीकधी सभ्य नकार असतो. तो तसाच असेल, तर खोटा गुरुवार देऊ नका. ‘हे सध्या करत नाही आहोत’ असं लिहा.