नव्या ग्राफिक्स कार्डाला घरचा एसएमपीएस पुरेल का? लेबल आणि केबल पाहून ठरवा

ग्राफिक्स कार्ड घ्यायला लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी घरच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडा आणि एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, नीट पाहून घ्या. त्यावर ठळक छापलेला ‘५०० वॅट’ हा आकडा एकट्याने काही ठरवत नाही. कार्ड वीज घेतं ती मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवरून. ती लाइन किती वीज देते आणि ती कार्डापर्यंत कोणत्या केबलने पोचते, या दोनच गोष्टी तपासायच्या आहेत.

माझ्या भांडुपच्या भाच्याचं उदाहरण घेऊ. त्याच्याकडे इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर आहे, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क आणि तीन पंखे. एसएमपीएस ५०० वॅटचा, कॉम्प्युटर असेंबल करून घेतला तेव्हा सोबत आलेला. त्याला घ्यायचं होतं आरटीएक्स ५०७०.

आधी लेबल वाचा

कॉम्प्युटर बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडा. लेबल पत्र्याच्या आड गेलं असेल तर मागचे चार स्क्रू काढून एसएमपीएस थोडा बाहेर सरकवावा लागतो. खुद्द एसएमपीएसचं खोकं मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज शिल्लक असू शकतो.

लेबलावर एक तक्ता असतो. त्यात +१२ व्होल्टच्या रकान्याखाली अँपिअरचा आकडा शोधा आणि त्याला १२ ने गुणा. भाच्याच्या एसएमपीएसवर तिथे ३० अँपिअर होते, म्हणजे ३० × १२ = ३६० वॅट. बाकीची क्षमता ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींवर मोजलेली होती आणि ती कार्डाच्या उपयोगाची नाही. चांगल्या, आधुनिक बनावटीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हाच आकडा साधारण ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट दिसतो. कागदावर फरक ५० वॅटचा, प्रत्यक्षात १८० चा.

काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्यांची बेरीज करू नका. खाली दोन्हींची एकत्रित कमाल मर्यादा वॅटमध्ये दिलेली असते, तीच खरी.

मग खर्चाची बेरीज करा

कार्डाचा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. आरटीएक्स ५०७० साठी तो २५० वॅट आहे. प्रोसेसरच्या बाबतीत खोक्यावरचा ६५ वॅट धरू नका, तो साध्या वेगाचा आहे. इंटेलच्याच माहितीपत्रकात या प्रोसेसरची टर्बोतली कमाल ११७ वॅट दिली आहे, ती धरा. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून ५०-६० वॅट पुरेत. बेरीज झाली सुमारे ४२५ वॅट. भाच्याची १२ व्होल्टची लाइन ३६० ची. तो प्रश्न तिथेच मिटला.

बेरीज जेमतेम बसत असली तरी भागत नाही. कार्ड एका क्षणी अंगावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं, अगदी मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ. तेवढ्यानेही एसएमपीएसचं संरक्षण जागं होऊन कॉम्प्युटर बंद पडू शकतो. म्हणून बेरजेवर पाव हिस्सा वाढवून धरावा: ४२५ चे साधारण ५३०. इंटेलने २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आणलं, त्यात असे झटके सोसण्याची अट घातली आहे. त्यामुळे नवा एसएमपीएस घेताना त्यावर ३.० किंवा ३.१ लिहिलेलं असावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एनव्हिडियाने या कार्डासाठी ६५० वॅट सुचवले आहेत. खाऊ प्रोसेसर आणि यथातथा एसएमपीएस असला तरी निभावं, म्हणून कंपन्या हा आकडा हात राखून देतात. लेबल वाचता येत नसेल तर निमूटपणे तोच माना.

आता केबल, आणि इथे घाई नको

भाचा म्हणाला, “मामा, दादाकडे ५५० वॅटचा पडून आहे, त्यावर ४५ अँपिअर लिहिलंय. तो चालेल ना?” बेरजेने चालत होता. म्हणून त्याला म्हटलं, कार्डासाठीच्या केबल मोज, पण टोकं मोजू नकोस. प्रत्येक केबल एसएमपीएसमधून जिथे निघते तिथपर्यंत हात ने.

आठ पिनांचं एक टोक १५० वॅटसाठी ठरवलेलं आहे, सहा पिनांचं ७५ साठी. मदरबोर्डच्या स्लॉटमधून फार तर आणखी ७५ मिळतात, पण पुष्कळ कार्डं त्यातले थोडेच घेतात. आरटीएक्स ५०७० ला नवं सोळा पिनी टोक लागतं. जुन्या केबलसाठी तिच्या खोक्यात जोडणीचा तुकडा येतो, त्याला आठ पिनांची दोन टोकं लागतात. दादाच्या एसएमपीएसला टोकं दोन होती, पण दोन्ही एकाच केबलवर, एकामागे एक. २५० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर जवळजवळ २१ अँपिअर. ते एका केबलच्या तीन तारांमधून गेले तर प्रत्येक तारेवर ७ अँपिअर येतात. १५० वॅटच्या हिशेबात ते चारच्या आसपास असायला हवेत. अशाने एसएमपीएसकडचं टोक तापतं. दोन स्वतंत्र केबल असतील तर हा भार निम्मा होतो.

कमी पडलेलं टोक डिस्कसाठीच्या साटा किंवा जुन्या चार पिनी मोलेक्स केबलवरून जोडून देणारे तुकडे बाजारात मिळतात. साटाचं टोक १२ व्होल्टवर फार तर ५४ वॅटचं असतं. त्यावर १५० वॅटचं ओझं टाकणं म्हणजे प्लास्टिक वितळवणं.

प्रोसेसरची केबलही आठ पिनांचीच असते, पण ती चार-चार अशी सुटते आणि कार्डाची सहा-दोन अशी. दोन्हींत १२ व्होल्ट आणि अर्थच्या तारा वेगवेगळ्या बाजूंना असतात, म्हणून जोर लावून बसवू नका. सुट्या केबलचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या मॉडेलची केबल त्याला लावू नका. कार्डाकडचं टोक सारखं असलं तरी मागच्या टोकाची मांडणी वेगळी असू शकते.

शेवटी भाच्याने ६५० वॅटचा, एटीएक्स ३.१ चा, १२ व्होल्टवर ५४ अँपिअर देणारा एसएमपीएस घेतला. त्याला नव्या सोळा पिनी टोकाची केबल सोबतच होती. दुकानात खोक्याच्या बाजूचा तक्ता वाचायला मागा आणि ‘कार्डासाठी स्वतंत्र केबल किती?’ असं थेट विचारा.

बसवल्यावर

सोळा पिनी टोक फट दिसेनाशी होईपर्यंत दाबा आणि टोकापासून पहिले तीन-चार सेंटिमीटर केबल वाकवू नका. आठ पिनी टोक असलेल्या कार्डाला केबल लावायची राहिली तर स्क्रीनवर बहुधा `PLEASE POWER DOWN AND CONNECT THE PCIe POWER CABLE(S) FOR THIS GRAPHICS CARD` असा संदेश येतो.

मग जड गेम अर्धा तास चालवा. गेम अडखळला किंवा फक्त गेमच बंद पडला तर शंका ड्रायव्हरवर घ्या. पण अख्खा कॉम्प्युटर निळा पडदा न दाखवता एकदम बंद पडला किंवा पुन्हा सुरू झाला, तोही भार वाढतानाच, तर संशय एसएमपीएसवर. विंडोजच्या `Event Viewer` मध्ये `Kernel-Power 41` अशी नोंद दिसेल. ती फक्त कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढंच सांगते, कारण सांगत नाही.

कॉम्प्युटर यूपीएसवर असेल तर तोही पाहा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, आणि ४२५ वॅटचा कॉम्प्युटर भिंतीतून ४८० च्या आसपास ओढतो, मॉनिटर वेगळा. गेम सुरू असताना वीज गेली तर तो यूपीएस त्याच क्षणी हात टेकेल, आणि दोष मात्र नव्या एसएमपीएसवर येईल.