शिवराईचा फोटो पाठवून किंमत विचारताय? या चुका टाळा

"आजोबांच्या पेटीत सापडलं, काय किंमत येईल?" या प्रश्नासोबत येणारा फोटो बहुतेक वेळा शिवराईचा असतो. तांब्याचं जाडसर नाणं, हातातल्या हातात काढलेला फोटो, एकच बाजू. फोटोवरून नाणं ओळखता येतं का? बऱ्याचदा येतं. किंमत मात्र येत नाही.

आधी ओळखीचं पाहू. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र / पति' असतं, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. पण ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे पूर्ण मजकूर क्वचितच उमटलेला दिसतो. एका नाण्यावर 'जा' आणि अर्धा 'शि' येतो, दुसऱ्यावर 'श्री' पूर्ण आणि खालची ओळ गायब. म्हणून दोन्ही बाजू हव्यातच. 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे उत्तरकाळातली. एवढं चांगल्या फोटोवरून कळतं.

इथेच सर्वांत मोठी चूक होते: 'शिव' वाचलं की नाणं थेट शिवाजी महाराजांच्या काळातलं ठरवलं जातं. महाराजांनंतरही शिवराई याच मजकुराने पाडत राहिले, पेशवाईत तर ठिकठिकाणच्या टांकसाळींत, अगदी १९व्या शतकापर्यंत. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक शिवराया या नंतरच्या आहेत. आधीच्या आणि नंतरच्या नाण्यांत फरक करताना अक्षरांची घडण पाहतात, पण तेवढंच पुरत नाही. वजनही लागतं, आणि वजन फोटोत दिसत नाही. सोनाराच्या काट्यावर दोन दशांशांपर्यंत वजन करून घ्या आणि फोटोसोबत लिहा. ते नसेल तर जाणकारही अंदाजच सांगतो.

दुसरी चूक दुरुस्त होत नाही. फोटो छान यावा म्हणून नाणं चिंच, लिंबू किंवा भांड्यांच्या पावडरने घासतात. तांब्यावर शेकडो वर्षांत चढलेला काळपट-तपकिरी थर निघून जातो आणि नाणं नव्या लोट्यासारखं गुलाबी चमकू लागतं. संग्राहकाच्या दृष्टीने तिथेच त्याची किंमत घसरते. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा आणि टिपून कोरडं करा, त्यापुढे जाऊ नका. फोटो खिडकीशी, तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढा, म्हणजे झिजलेल्या अक्षरांची सावली पडते. एक फोटो कडेचाही घ्या. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याचा सांधा किंवा तो घासून काढल्याच्या खुणा सापडू शकतात. पण पृष्ठभागावरचे बारीक खड्डे ओतकामाचे की जमिनीतल्या गंजाचे, हे फोटोवरून छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्यासाठी नाणं भिंगाखाली फिरवून पाहावं लागतं.

शिवरायांच्या सोन्याच्या होनाचं उदाहरण घ्या. मजकूर तोच, नाणं इवलंसं, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि अस्सल होन अत्यंत दुर्मीळ. नकला मात्र उदंड, स्मरणिका म्हणूनही विकल्या जातात. मोबाइल पिवळ्या रंगात आपल्या मनाने फेरफार करतो, त्यामुळे फोटोत सोनं आणि पितळ सारखंच दिसतं. होनाच्याच मापाची पितळी प्रत सव्वा ग्रॅमच्या जवळपास भरेल. नकलाकाराने वजन जुळवण्यासाठी ती जाड केली, तरी वरून घेतलेल्या फोटोत जाडी कळत नाही. पाण्याची परीक्षा मात्र फसत नाही: २.८० ग्रॅमचं नाणं दोऱ्याने पाण्यात टांगून तोललं, तर शुद्ध सोन्याच्या नाण्याचं वजन साधारण ०.१५ ग्रॅमने घटेल आणि पितळेचं ०.३३ ग्रॅमने. सोनं निघालं तरी नाणं जुनंच आहे असं नाही, कारण सोन्याच्याही नकला होतात. मग ठसा अस्सल नाण्यांशी ताडून पाहायचा.

एवढं झाल्यावरही किंमत म्हणजे गिऱ्हाईक देईल ती. एकाच प्रकारच्या दोन शिवरायांपैकी जिच्यावर सगळी अक्षरं नीट बसली आहेत, ती झिजलेलीपेक्षा कितीतरी जास्त भावाने जाते. जाहिरातीत कुणी लाख रुपये मागितले म्हणून ते मिळाले असं होत नाही. पाहायचे असतील तर लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तशाच नाण्यांचे आकडे पाहा.

फोटो पाहून लगेच मोठा आकडा सांगणारा आणि पाठोपाठ 'नोंदणी फी' किंवा 'कर' मागणारा माणूस खरेदीदार नसतो. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही हे चालतं. आपण असे व्यवहार करत नाही आणि कमिशनही घेत नाही, असं बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं.

आणि नाणी पेटीत नव्हे, शेतात नांगरताना मिळाली असतील, तर किमतीचा प्रश्न नंतरचा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.