ऊन लागल्यावर पन्हं आणि लिंबूपाणी: या चुका टाळा

मे महिन्यात मामा शेतातून आला तो डोकं धरूनच. घामाने सदरा चिंब, हात गार, चक्कर येत होती. मामीने घाईघाईने फ्रीजमधलं पन्हं दिलं. दोन ग्लास गेले आणि दहाव्या मिनिटाला उलटी.

पन्हं काही नासलेलं नव्हतं, ते चैत्रगौरीचं होतं. एक वाटी गराला दोन वाट्या साखर, मीठ नावापुरतं. असा गोळा तीन टेबलस्पून घालून ग्लासभर पन्हं केलं की त्यात ३५ ग्रॅमच्या आसपास साखर जाते. तेवढ्याच कोल्ड्रिंकमध्ये २१-२२ ग्रॅम असते! इतकं गोड पाणी पोटात रेंगाळतं, आतड्यात उलट पाणी ओढून घेतं आणि मळमळतं. शिवाय घामावाटे गेलेलं असतं पाणी आणि मीठ. त्यातलं मीठ या पन्ह्यातून जवळजवळ मिळतच नाही.

म्हणून हळदीकुंकवाचं पन्हं वेगळं आणि उन्हाचं वेगळं धरा. प्रमाण जलसंजीवनीचं: लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घरात तो गोळा तयार असेल तर लिटरला अडीच टेबलस्पून पुरतो, वरून साखर नको, मीठ मात्र अर्धा चमचा मोजून. चव फिकी लागते, लागू दे. गुळाचं केलं तरी हिशेब तोच. गूळ म्हणजेही साखरच.

लिंबूपाण्यात चूक नेमकी विरुद्ध होते. «मीठ गेलंय ना, मग घाल चमचाभर» म्हणत एका ग्लासात चमचाभर मीठ टाकलं की ते खारटपणात समुद्राच्या पाण्याजवळ पोचतं. त्याने तहान वाढते आणि उलटी होते. दुसरी चूक म्हणजे साखर अजिबात न घालणं. आतड्यात मीठ आणि साखर जोडीने शोषली जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं, त्यामुळे ग्लासाला एक चमचा साखर हवीच. लिंबाने चव येते, थोडं पोटॅशियम मिळतं, पण ते पाकिटातल्या ओआरएसइतकं नाही. जुलाबही होत असतील तर पाकीटच आणा.

मामाला मग आम्ही सावलीत आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, ओल्या पंच्याने अंग पुसलं आणि फिकं लिंबूपाणी घोटघोट दिलं. तासाभराने उठून बसला, लघवीला जाऊन आला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

तो असंबद्ध बोलायला लागला असता, किंवा अंग तापून शुद्ध हरपली असती, तर तोंडात थेंबही घालायचा नव्हता. तो उष्माघात. तेव्हा अंगावर पाणी ओतत, वारा घालत १०८ ला फोन करायचा. बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी मीठ किती चालेल हे उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. मधुमेह असेल तर साखरेचंही तसंच.