आठ दिवस कुठून काढायचे? क्रॅशिंग, फास्ट ट्रॅकिंग आणि दिवसाच्या भावाचा हिशेब

काम लांबणार हे कळलं की साइटवर दोनच सूचना ऐकू येतात. ठेकेदार म्हणतो, माणसं वाढवा. मालक म्हणतो, एक काम संपायची वाट कशाला बघता, दुसरं सुरू करून टाका. पहिल्याला क्रॅशिंग म्हणतात, म्हणजे जास्त पैसे टाकून तेच काम कमी दिवसांत उरकणं. दुसरं फास्ट ट्रॅकिंग, म्हणजे एकामागून एक व्हायची कामं काही दिवस एकावर एक चढवणं. पहिल्याचं बिल लगेच दिसतं आणि दुसरं फुकट वाटतं, म्हणून मालकाला दुसरं आवडतं. ते खरंच फुकट आहे का, हे हिशेबात बघू.

समजा, नागपूरला हिंगणा एमआयडीसीत साधारण पाच हजार चौरस फुटांचं गोदाम बांधायचं आहे. खरिपाच्या खताचा साठा त्यात यायचा आहे. काम २२ एप्रिलला सुरू होतं आणि ताबा ६ जूनच्या संध्याकाळी द्यायचा आहे, म्हणजे मृग लागायच्या आत. हे झाले ४६ दिवस. आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत आणि सुट्टी धरलेली नाही.

पहिली पायरी: कामं आणि त्यांचा क्रम लिहा

| काम | कशानंतर | नेहमीचे दिवस | कमीत कमी दिवस | एक दिवस वाचवायचा जादा खर्च |
|---|---|---|---|---|
| पाया | सुरुवात | १८ | १४ | ₹५,००० |
| वर्कशॉपमध्ये खांब-ट्रस तयार करणं | सुरुवात | १५ | १२ | ₹३,००० |
| ऑफिसची खोली आणि कंपाउंड | पाया | १६ | १२ | ₹२,५०० |
| स्टीलची उभारणी | पाया आणि वर्कशॉप | १० | ८ | ₹१२,००० |
| छताचे पत्रे | उभारणी | ८ | ६ | ₹७,५०० |
| फरशी | पत्रे | ८ | ५ | ₹६,००० |
| वीज, शटर, रंग आणि फरशीचं क्युअरिंग | फरशी, ऑफिस | १० | १० | शक्य नाही |

शेवटच्या ओळीत दहाला दहाच आहेत, कारण कोरड्या आणि गरम हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवावं असं आयएस ४५६ हे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक सांगतं. मे महिन्यातल्या नागपूरला याहून जास्त लागू पडणारी अट नाही. इथे पैसे ओतून एक दिवसही मिळत नाही.

आता सर्वांत लांब साखळी काढा. पाया १८, उभारणी १०, पत्रे ८, फरशी ८ आणि शेवटचे १०, बेरीज ५४. हा क्रिटिकल पाथ. म्हणजे काम १४ जूनला संपेल आणि आपल्याला ८ दिवस काढायचे आहेत. वर्कशॉपवरून जाणारी साखळी ५१ दिवसांची आहे, तिला ३ दिवसांची मोकळीक आहे. ऑफिसवरून जाणारी ४४ दिवसांची, तिला १० दिवसांची.

दुसरी पायरी: प्रत्येक दिवसाचा भाव काढा

तक्त्यातला शेवटचा रकाना म्हणजे कॉस्ट स्लोप. जलद कामाच्या खर्चातून नेहमीचा खर्च वजा करा आणि वाचलेल्या दिवसांनी भागा. फरशीला आठ दिवसांत ४,२०,००० रुपये लागतात. दुसरा रोलर आणि संध्याकाळची दुसरी टोळी लावून ती पाच दिवसांत केली तर ४,३८,००० लागतात. जादाचे १८,००० भागिले ३, म्हणजे दिवसाला ६,०००.

हा आकडा ठेकेदाराकडून लेखी घ्या आणि एकेका दिवसाचा वेगळा विचारा. पहिला दिवस स्वस्त आणि तिसरा महाग, असं बहुतेक वेळा असतं आणि सरासरीत ते झाकलं जातं. आणखी एक प्रश्न विचाराच: ही माणसं काम कधी करणार? मेमध्ये गवंडी सरळ सांगतो, "दुपारी बारा ते चार काम होत नाही जी." जादा टोळी दुपारच्या पाळीत दाखवली असेल तर तो भाव कागदावरच राहतो.

तिसरी पायरी: एक दिवस वाचला तर हातात काय येतं?

साइटचा रोजचा ठरलेला खर्च, म्हणजे सुपरवायझर, चौकीदार, जनरेटर आणि भाड्याचं सामान, ४,००० धरू. ४६ दिवसांनंतर दर दिवसाचा दंड ६,००० आहे. म्हणून ५४ पासून ४६ पर्यंतचा प्रत्येक दिवस १०,००० रुपयांचा. ४६ च्या खाली गेलात तर दंड वाचण्याचा प्रश्नच नाही, तिथे दिवसाची किंमत फक्त ४,०००. उभारणीचा भाव १२,००० आहे, तेव्हा दुसरी क्रेन मागवायचा विषय इथेच संपला.

चौथी पायरी: क्रिटिकल पाथवरचा सर्वांत स्वस्त दिवस आधी घ्या

तक्त्यात सर्वांत स्वस्त दिवस ऑफिसच्या खोलीचा आहे, २,५०० रुपयांचा. तो घेऊ नका. त्या साखळीला मोकळीक आहे. तिथले चार दिवस वाचवले तरी ताबा १४ जूनलाच. जादा खर्च झाला आणि शेवटची तारीख जागची हलली नाही, की पैसा चुकीच्या साखळीवर गेला असं समजावं. आधी साखळी बघायची, भाव त्यानंतर.

क्रिटिकल पाथवर सर्वांत स्वस्त पाया आहे. दुसरा जेसीबी लावून काळ्या मातीतून कठीण मुरमापर्यंतची खोदाई लवकर उरकता येते. ३ दिवस घ्या, १५,००० रुपये, एकूण दिवस ५१. इथे थांबा. पाया १५ दिवसांवर आला आणि वर्कशॉपही १५ दिवसांचंच आहे. आता दोन्ही साखळ्या क्रिटिकल झाल्या. पायाचा चौथा दिवस हवा असेल तर वर्कशॉपचाही एक दिवस विकत घ्यावा लागेल, म्हणजे ५,००० अधिक ३,०००, भाव ८,०००. दर कपातीनंतर साखळ्या पुन्हा मोजायच्या त्या याचसाठी.

पुढचा स्वस्त दिवस फरशीचा. ३ दिवस, १८,००० रुपये, एकूण ४८. मग पत्रे, ७,५०० प्रमाणे २ दिवस, १५,००० रुपये. आले ४६. नुसत्या क्रॅशिंगने ८ दिवसांना ४८,००० रुपये लागले आणि ८०,००० वाचले. हा आपला पक्का आकडा.

पाचवी पायरी: फास्ट ट्रॅकिंगलाही भाव लावा

कुठली कामं एकावर एक चढवता येतील? पायाचं काँक्रीट पुरेसं घट्ट व्हायच्या आत त्यावर खांब उभे करता येत नाहीत. तो क्रम निसर्गाचा आहे. पत्र्यांनंतर फरशी हा क्रम मात्र सोयीचा आहे. अर्ध्या छतावर पत्रे झाले की त्याखाली फरशी सुरू करता येईल. आठऐवजी चौथ्या दिवसानंतर सुरू केली तर ४ दिवस वाचतात आणि ठेकेदाराचं बिल एका रुपयानेही वाढत नाही.

पण शेजारच्या अर्ध्या भागात वर माणसं पत्रे ठोकत असतात. स्क्रूचा लोखंडी चुरा ओल्या फरशीवर पडला की गंजाचे डाग उठतात. पत्रा निसटला तर खालच्या माणसाच्या जिवावर बेततं. उघड्या बाजूने लू आत येते, काँक्रीटचं पाणी झपाट्याने उडतं आणि भेगा पडतात. अवकाळी आलाच तर ताजा पृष्ठभाग धुऊन निघतो.

म्हणून जाळी, अडसर आणि जादा सुपरवायझर यांचे ४,००० आधी धरा. मग फरशीचा एक पट्टा तोडून पुन्हा करावा लागला तर काय, ते मांडा: ४०,००० रुपये आणि दोन दिवस उशीर, म्हणजे आणखी २०,०००. एकूण ६०,०००. असं व्हायची शक्यता ३० टक्के धरली तर वाटणीला १८,००० येतात. त्यात ४,००० मिळवा, २२,००० झाले. भागिले ४ दिवस, भाव ५,५००. म्हणजे फास्ट ट्रॅकिंग पायाच्या क्रॅशिंगपेक्षा महाग आणि फरशीच्या क्रॅशिंगपेक्षा जरा स्वस्त.

आता पायाचे ३ दिवस आणि हे ४ दिवस घेऊन आपण ४७ वर येतो. एक दिवस उरला. फरशीचा ६,००० वाला घ्यावासा वाटेल, पण फरशीची टोळी वेगाने पुढे सरकली तर ती पत्रेवाल्यांच्या खाली जाऊन पोहोचते. पत्र्यांचं क्रॅशिंगही आता परवडत नाही: आठाचे सहा दिवस केले तरी अर्धं छत चारऐवजी तीन दिवसांत होतं. १५,००० देऊन एकच दिवस मिळतो. म्हणून पाया आणि वर्कशॉपचा जोडदिवस घ्या, ८,००० रुपयांना. बेरीज १५,००० अधिक २२,००० अधिक ८,०००, म्हणजे ४५,०००.

पक्क्या आकड्यापेक्षा हे ३,००० ने कमी आहे, पण ही सरासरी आहे. सगळं नीट झालं तर खर्च २७,०००, बिघडलं तर ८७,०००. प्रत्यक्षात या दोहोंपैकी एकच होणार, ४५,००० कधीच होणार नाहीत. आणि शक्यता ३० ऐवजी ३५ टक्के धरली तर दोन्ही योजना बरोबरीला येतात. पाच टक्क्यांच्या अंदाजावर निकाल फिरत असेल आणि ८७,००० भरायची ताकद नसेल, तर मी क्रॅशिंग घेईन. माणसाच्या जिवाचा धोका तर या हिशेबात धरलेलाच नाही. वर काम चालू असताना खालचा पट्टा पूर्ण मोकळा ठेवता येत नसेल, तर फास्ट ट्रॅकिंगचा विचार सोडून द्या.

सहावी पायरी: कुठला निर्णय कधी घ्यायचा

पायाचा निर्णय एप्रिलमध्येच होतो. तो काळ गेला की स्वस्त दिवस हातचे गेले. पत्रे आणि फरशीचा निर्णय मात्र उभारणी संपेपर्यंत थांबू शकतो. पाया १४ दिवसांत झाला तर उभारणी १५ मेला संपते.

इथे एक बारीक फायदा आहे. ८,००० चा जोडदिवस सुरुवातीलाच घेऊन ठेवा. मग पाया आणि वर्कशॉपवर २३,००० खर्च होऊन ४ दिवस मिळतात. पुढे क्रॅशिंगच करायचं ठरलं तर फरशीचे ३ दिवस १८,००० ना आणि पत्र्यांचा एक दिवस ७,५०० ना. एकूण ४८,५००, म्हणजे पक्क्या आकड्यापेक्षा फक्त ५०० जास्त. या ५०० रुपयांत दोन्ही वाटा मेच्या मध्यापर्यंत खुल्या राहतात. तेव्हा हवामानाचा अंदाज बघा, पत्रेवाल्यांची शिस्त उभारणीच्या दिवसांत दिसलेलीच असेल. बिघाडाची शक्यता ३५ टक्क्यांहून नक्की कमी वाटली तर अर्ध्या छताखाली फरशी सुरू करा. तसं वाटलं नाही तर दुसरा रोलर मागवा. फरशीच्या दुसऱ्या टोळीला १० मेच्या आसपास शब्द देऊन ठेवा, लग्नसराईत माणसं गावाला निघून जातात.