कर्ज फिटलं, विमा चालूच राहिला

पाच वर्षांचं कर्ज मी दोन वर्षांत फेडलं. सोबतचा विमा आपोआप बंद होईल असं वाटलं होतं, झाला नाही. कर्ज देणारे वेगळे, विमा कंपनी वेगळी, आणि कोणी कोणाला कळवलंच नव्हतं. शेवटी विमा प्रमाणपत्राची प्रत, कर्ज बंद झाल्याचं पत्र आणि खात्याचा तपशील जोडून थेट विमा कंपनीकडे लेखी अर्ज केला.

एकरकमी प्रीमियम 20,000 होता. 60 पैकी 36 महिने उरले, म्हणजे 12,000 परत, असा माझा हिशेब. आले 7,279! चिडून फोन केला. विम्याचं संरक्षण थकबाकीबरोबर घटत होतं, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांवर प्रीमियमचा भार जास्त धरला होता: 20,000×(36×37)÷(60×61). प्रमाणपत्राच्या मागे, बारीक अक्षरांत, हे सूत्र छापलेलं होतं.